आयडी फॅन दर महिन्याला बॅलन्स करावा लागतोय? वजन चिकटवण्याआधी क्रिटिकल स्पीड बघा

साखर कारखान्यातल्या बॉयलरचे आयडी फॅन, म्हणजे बॉयलरमधला धूर ओढून चिमणीत टाकणारे पंखे, हा माझा गेल्या बऱ्याच वर्षांचा धंदा आहे. गाळप सुरू झालं की फोन सुरू होतात आणि दहातले सहा फोन एकाच वाक्याने सुरू होतात, "साहेब, बॅलन्सिंग करून गेलात पण व्हायब्रेशन परत आलं." आधी मीही मशीन घेऊन जायचो, वजन लावायचो, रीडिंग खाली आणायचो, बिल करायचो. तिसऱ्यांदा त्याच फॅनवर गेल्यावर मग डोक्यात प्रकाश पडला की भानगड बॅलन्सची नाहीच, शाफ्टच्या क्रिटिकल स्पीडची आहे. फॅन आपल्या रनिंग स्पीडला रेझोनन्सच्या उंबऱ्यावर येऊन उभा होता आणि आम्ही सगळे त्याच्या डोक्यावरची टोपी सरळ करत बसलो होतो.

लक्षणं काय दिसतात

पहिलं लक्षण म्हणजे वर्कशॉपमध्ये इंपेलर बॅलन्सिंग मशीनवर एकदम ओके येतो आणि साइटवर चढवला की नाचतो. वर्कशॉपचं मशीन फिरवतं ३००-४०० आरपीएमला, तुमचा फॅन फिरतो ९९० ला, त्यामुळे वरच्या स्पीडला काय होतं ते त्या मशीनला कधी कळतच नाही.

दुसरं, साइटवर बॅलन्स केल्यावर दोन-चार दिवस छान चालतो आणि मग थोडीशी राख बसली, लोड थोडा बदलला, पाया थोडा गरम झाला की रीडिंग एकदम दुप्पट. मीटरवर फेज, म्हणजे हादऱ्याचा कोन, बघितली तर एका जागी थांबत नाही, तासाभरात ३०-४० डिग्री इकडेतिकडे फिरते.

तिसरं लक्षण सगळ्यात बोलकं. स्पीड जरासाच कमी केला की व्हायब्रेशन धाडकन पडतं. बॉयलर अटेंडंटला विचारा, तोच सांगेल, "पंचेचाळीस हर्ट्झवर चालवला की गप्प असतो साहेब, पन्नासला नेला की बोंबलतो." त्याच्याकडे अॅनालायझर नसतो पण निदान त्याने केलेलं असतं.

चौथं, आडव्या दिशेचं रीडिंग उभ्यापेक्षा तिप्पट-चौपट असतं. बेअरिंग धरणाऱ्या प्लमर ब्लॉकचं पेडेस्टल आडवं जास्त लवचिक असतं, म्हणून रेझोनन्स आधी तिकडे दिसतो.

थोडं कारण, मग चेक

इंपेलर कितीही बॅलन्स केला तरी त्याचं वजनाचं केंद्र शाफ्टच्या मध्यरेषेवर अगदी तंतोतंत कधीच नसतं, ०.०५ मिमी तरी बाजूला असतंच. फिरताना ते वजन शाफ्टला बाहेर ओढतं आणि शाफ्ट स्प्रिंगसारखा आत ओढतो. शाफ्ट आणि इंपेलरची मिळून स्वतःची एक नैसर्गिक गती असते, फिरण्याची गती तिच्या जवळ गेली की बाहेरची ओढ आणि आतली ओढ बरोबरीला येतात, मग शाफ्टला थांबवणारं थोडं डॅम्पिंग सोडून काहीच उरत नाही. शाफ्ट दोरीच्या उड्यांच्या दोरीसारखा वाकून गोल फिरायला लागतो. हीच क्रिटिकल स्पीड.

ती काढायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, अंदाज कागदावर येतो. इंपेलरच्या वजनाने शाफ्टला मधोमध किती झोल येतो (कारखान्यातला तो दुसरा झोल नाही) ते मिमीमध्ये काढायचं आणि

```
N = 946 / √δ
```

इथे δ म्हणजे झोल मिमीमध्ये आणि N म्हणजे पहिली क्रिटिकल स्पीड आरपीएममध्ये. झोल हे कारण नाही हं, नुसतं माप आहे. शाफ्ट उभा लावला तरी क्रिटिकल तीच राहते, फक्त वजन आणि कडकपणा यांचं गुणोत्तर या एका आकड्यात पकडता येतं. आणि यातच सगळी गंमत आहे, कारण वजन वाढलं तरी झोल वाढतो, आधार ढिला झाला तरी झोल वाढतो, दोन्ही वेळी क्रिटिकल खाली येते. तुमच्या नेमप्लेटवरचे ९९० मात्र तिथेच राहतात.

आता चेक, स्वस्तापासून महागाकडे. आणि हात लावण्याआधी एक गोष्ट, आयडी फॅन बंद केला, मोटर आयसोलेट केली, टॅग लावला तरी चिमणीच्या ड्राफ्टने इंपेलर आपोआप फिरत राहतो. डॅम्पर बंद करा, इंपेलरला पाचर मारा किंवा दोराने बांधा, मगच आत वाका. हे न करता आत हात घालणारे फिटर मी बघितलेत आणि बघून पोटात गोळा आलाय.

१. स्पीड कमी करून बघा (खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं)

मोटरचा स्पीड बदलणारा व्हीएफडी ड्राइव्ह असेल तर ५० हर्ट्झ, ४७.५ आणि ४५ अशा तीन ठिकाणी बेअरिंगवर आडवं रीडिंग घ्या, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं स्थिर होऊ द्या. साधा अनबॅलन्स असेल आणि क्रिटिकल लांब असेल तर मिमी प्रति सेकंदातलं रीडिंग साधारण स्पीडच्या घनाने पडतं, म्हणजे ५० ला १२ असेल तर ४५ ला पावणेनऊच्या आसपास यायला हवं. ते तीनच्या खाली गेलं तर तुम्ही रेझोनन्सवर उभे आहात, बॅलन्सिंगवाल्याला फोन करू नका.

व्हीएफडी नसेल तर फॅन बंद करताना मीटर लावून ठेवा आणि उतरता स्पीड बघा. रीडिंग पहिल्या काही सेकंदातच कोसळलं तर तोच अर्थ. बंद केल्यावर ते आधी वाढून मग पडलं तर क्रिटिकल तुमच्या रनिंग स्पीडच्या खाली आहे, म्हणजे रोज चालू-बंद करताना तुम्ही त्यातून जाताय. तेही चालतं, फक्त तिथे रेंगाळायचं नाही. स्वीडनच्या दे लाव्हालने १८८९ मध्ये वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक लवचिक शाफ्ट लावला आणि क्रिटिकल ओलांडून पलीकडे चालवला, तिथे रोटर उलट शांत फिरतो कारण वजनाचं केंद्र आपणहून मध्यावर येतं. त्याआधी रँकिनने १८६९ मध्ये लिहून ठेवलं होतं की पलीकडे चालवणं शक्यच नाही. पण ते टर्बाइनचं झालं, आपला राख खाणारा फॅन खालीच ठेवायचा असतो.

२. इंपेलर साफ करा (खर्च एक शिफ्ट आणि दोन माणसं)

बगॅसची राख ब्लेडच्या मागच्या बाजूला बसते, थोडा ओलावा असेल तर सिमेंटसारखी. खरडा, आणि खरडलेली राख फेकून देऊ नका, ब्लेडवार वेगळी ठेवून तोला. ९९० आरपीएमला ८६० किलोच्या इंपेलरसाठी बॅलन्सिंगच्या जी ६.३ ग्रेडमध्ये ७०० मिमी त्रिज्येवर साधारण ७५ ग्रॅम इतकाच अनबॅलन्स चालतो, म्हणजे एका ब्लेडवर मुठीतली राख जास्त असली की ग्रेड गेली. साफ केल्यावर रीडिंग पूर्ववत आलं आणि दोन महिने राहिलं तर विषय संपला, पुढे वाचू नका. साफ करूनही थोड्याशा राखेने एवढा फरक का पडतो असा प्रश्न उरला असेल तर पुढे चला, कारण क्रिटिकलजवळ असलेला फॅन मुठीतल्या राखेलाही दहापट करून दाखवतो.

३. पाया आणि बोल्ट (खर्च स्पॅनर आणि थोडं तेल)

फॅन चालू असताना पेडेस्टलच्या पायाच्या फटीत पातळ तेल सोडा आणि बॅटरी मारून बघा. फटीत तेलाचे बुडबुडे येत-जात असतील तर पाया श्वास घेतोय, म्हणजे पायाखालचा भराव, ग्राउट, सुटलाय. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या फिटरने शिकवली आणि माझ्या दोन लाखाच्या अॅनालायझरपेक्षा ती जास्त वेळा कामी आली. मग मीटर प्लमर ब्लॉकवर, बेस फ्रेमवर आणि काँक्रीटवर असा खाली खाली लावत जा. दोन जोडलेल्या ठिकाणी रीडिंग अचानक निम्म्यावर पडलं तर तो सांधा ढिला आहे.

बंद असताना प्रत्येक बोल्ट एकेक सोडून डायल लावून बघा, पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर शिम घाला. नुसता पाना घेऊन बोल्ट आवळून निघून जाणं हे सगळ्यात कॉमन पाप आहे, फुटलेल्या ग्राउटवर बोल्ट आवळला की दोन दिवस बरं वाटतं आणि मग तेच. हा चेक इतका महत्त्वाचा का, तर क्रिटिकल स्पीड एकट्या शाफ्टची नसते, शाफ्ट, बेअरिंग, पेडेस्टल आणि पाया या सगळ्या स्प्रिंग एकापाठोपाठ जोडलेल्या असतात.

४. ठोकून बघा (अॅनालायझर लागेल)

फॅन बंद, इंपेलर बांधलेला. इंपेलरच्या हबवर आडव्या दिशेने लाकडी ठोकळ्याने एक दणका द्या आणि प्लमर ब्लॉकवरच्या सेन्सरमधून स्पेक्ट्रम बघा. ज्या फ्रीक्वेन्सीवर उंच टोक येईल ती हर्ट्झमध्ये घेऊन ६० ने गुणा. १६.५ हर्ट्झ आलं तर ९९० आरपीएम, आता लपवायला काही उरलं नाही. पाच-सहा दणक्यात टोक एकाच जागी यायला हवं, सरकत असेल तर काहीतरी ढिलं आहे, परत तिसऱ्या चेकला जा.

एका फॅनची पूर्ण गोष्ट

सांगली भागातला एक कारखाना, नाव घेत नाही. फॅनच्या दोन बेअरिंगमध्ये २.४ मीटर अंतर, मधे १४० मिमीचा शाफ्ट, मूळ इंपेलर ७०० किलो. शाफ्टचं स्वतःचं वजन साधारण २९० किलो, त्यातला अर्ध्याच्या आसपास भाग हिशोबात धरायचा, म्हणजे एकूण ८४० किलो. या वजनाने शाफ्टचा झोल येतो ०.६० मिमी. नुसतं एवढंच धरलं तर क्रिटिकल १२२० आरपीएम, मूळ डिझाइनरने बहुतेक हाच आकडा बघून समाधान मानलं असावं. पण पेडेस्टलही दबतात, त्यांचे ०.१० मिमी धरले की झोल ०.७० आणि क्रिटिकल ११३० च्या जवळ. ९९० पासून चौदा टक्के लांब. माझ्या मते हे काठावरचं डिझाइन आहे, मी २० ते २५ टक्के तरी मागतो, पण फॅन अनेक सीझन गप्प चालला, रीडिंग दोनच्या आत.

मग राखेने ब्लेड झिजायला लागले. उसाबरोबर माती-वाळू येते, ती राखेतून फॅनमध्ये जाते आणि ब्लेड खाते. ऑफ-सीझनला कुणीतरी शहाणपणा करून ब्लेडवर ६ मिमीच्या हार्ड लायनर प्लेटा मारल्या, बॅकप्लेटही जाड केली, इंपेलर झाला ८६० किलो. बॅलन्सिंग नीट करून घेतलं, सर्टिफिकेट आलं. पण झोल झाला ०.८३ मिमी आणि क्रिटिकल आली १०३८ वर, रनिंग स्पीडपासून जेमतेम पाच टक्क्यांवर. हिशोब केला तर पहिल्या स्थितीत केंद्राचा बाहेरपणा ३.३ पट होऊन दिसत होता, आता १० पट. म्हणजे अनबॅलन्स एक ग्रॅमने न वाढता रीडिंग दोनवरून सहावर. तेव्हा पहिल्यांदा बॅलन्सिंगवाला आला.

सहावर फॅन चालत राहिला, त्या हादऱ्याने ग्राउट फुटला. पेडेस्टलचा कडकपणा कमी झाला, त्याचा झोल वाढलेल्या वजनाने आधीच ०.१२ झाला होता, तो ०.२० वर गेला, एकूण ०.९१, आणि क्रिटिकल खाली सरकत सरकत थेट ९९२ वर येऊन बसली. मी पोचलो तेव्हा ५० हर्ट्झला आडवं रीडिंग ११.८, ४७.५ ला ६.१, ४५ ला २.८. कॅबिनमध्ये टेबलावरचा चहाचा ग्लास सरकत होता. आणि लक्षात घ्या, मीटर बेअरिंगवर असतो, खरा नाच मधे शाफ्टला असतो, बेअरिंगवर एवढं असताना मधला भाग पाऊण मिमीने बाहेर वाकून फिरत होता.

तोपर्यंत तीनदा फील्ड बॅलन्सिंग झालेलं. ते टिकत का नव्हतं तेही सांगतो. क्रिटिकलच्या खाली लांब असताना जड बाजू आणि वाकलेली बाजू एकाच दिशेला असते, क्रिटिकलवर दोघांत ९० डिग्रीचं अंतर पडतं आणि पलीकडे गेल्यावर १८० डिग्री. या मधल्या भागात क्रिटिकल दोन-तीन टक्के सरकली तरी फेज ४० डिग्रीने फिरते. सकाळी थंड पायावर ट्रायल वेट लावून काढलेला कोन दुपारी गरम पायावर चुकीचा असतो. बॅलन्सिंगवाल्याची चूक नव्हती, तो पळत्या बसवर पत्ता लिहीत होता.

तात्पुरता इलाज

गाळप थांबवता येत नाही हे मलाही कळतं. त्या दिवशी ड्राइव्हमध्ये कमाल ४५ हर्ट्झ लावून दिली. हवा दहा टक्के कमी, प्रेशर एकोणीस टक्के कमी, बॉयलरवाले कुरकुरले पण फॅन चालला. क्रिटिकल तुमच्या चालवायच्या रेंजच्या मधे कुठे असेल, समजा ४० हर्ट्झला, तर व्हीएफडीमध्ये स्किप फ्रीक्वेन्सी नावाचं सेटिंग असतं, तिथे मध्य आणि रुंदी टाकली की ड्राइव्ह त्या पट्ट्यात थांबत नाही, झटकन ओलांडतो. रेझोनन्स वाढायलाही काही फेरे लागतात, पटकन गेलं की पूर्ण उंचीला पोचत नाही. पण स्किप ही मलमपट्टी आहे, औषध नाही, पाया अजून ढिला झाला की क्रिटिकल पट्ट्याबाहेर सरकते आणि तुम्ही परत तिथेच.

कायमचा इलाज

पहिल्या आठ दिवसांच्या स्टॉपेजमध्ये जुना ग्राउट फोडून नॉन-श्रिंक ग्राउट केला, त्याने क्रिटिकल परत १०३० च्या वर गेली आणि सीझन ४८ हर्ट्झवर पार पडला. ऑफ-सीझनला शाफ्ट बदलला, बेअरिंगच्या जागी जुनाच व्यास ठेवून मधला भाग १४० चा १६० केला. वीस मिमी म्हणजे काय मोठं असं वाटतं, पण कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, १.७ पट झाला. हबचा बोर वाढवावा लागला, प्लमर ब्लॉक तेच राहिले. लायनरचं वजन तसंच ठेवूनही झोल ०.५७ च्या आसपास, क्रिटिकल १२५० च्या वर, अंतर पंचवीस टक्क्यांच्या पुढे. दुसरा मार्ग बेअरिंग जवळ आणायचा, अंतराच्या घनाने फायदा होतो, पण केसिंग तेवढंच रुंद असल्याने इथे जागाच नव्हती. चालू केल्यावर ५० हर्ट्झला रीडिंग १.६, तेही एकदाच बॅलन्स करून.

कुठे थांबायचं

पहिले तीन चेक कारखान्याच्या फिटरने करायचेच, चौथा अॅनालायझर वापरता येणाऱ्याने. त्यापुढे थांबा. शाफ्टचा व्यास, लायनरची जाडी, पेडेस्टल यातलं काहीही बदलायचं असेल तर फॅन मेकरकडून किंवा रोटर डायनॅमिक्स करणाऱ्या माणसाकडून हिशोब करून घ्या, माझा वरचा झोलवाला हिशोब निदानासाठी आहे, ऑर्डर काढण्यासाठी नाही. बाहेर लोंबणारा इंपेलर असेल, म्हणजे दोन्ही बेअरिंग एकाच बाजूला, तर हे सूत्र वापरूच नका, तिथे इंपेलर फिरताना तिरका होतो आणि आकडा बदलतो.

फॅन ताबडतोब बंद करायची वेळ वेगळी. रीडिंग अकराच्या वर गेलं आणि स्पीड कमी करूनही उतरत नसेल तर बंद. कुणी काही बदललेलं नसताना ठोकून काढलेली फ्रीक्वेन्सी दर आठवड्याला खाली खाली येत असेल, पाया पक्का असेल, आणि स्पेक्ट्रममध्ये फिरण्याच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीचं टोक वाढत असेल तर शाफ्टला क्रॅक असू शकतो. तिथे बॅलन्सिंग नाही, आवळणं नाही, "एवढी शिफ्ट काढू" नाही. फॅन उभा करा आणि चावीच्या खाचेजवळ आणि व्यास बदलतो त्या खांद्याजवळ डाय पेनिट्रंट किंवा अल्ट्रासॉनिक टेस्ट करणाऱ्याला बोलवा, शाफ्ट बहुतेक तिथूनच तुटतो.